सहा जणांचा ग्रुप, कुणाचं काम काय ते ठरलेलं नाही, आणि शनिवारी पहिलं भाषण मला करायचंय

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. मी लातूर जिल्ह्यात सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमचा प्रोजेक्ट म्हणजे एका गावाचा पाण्याचा ताळेबंद. शिवार साधारण 800 हेक्टर, विहिरी 40 च्या आसपास. पाऊस किती पडला, विहिरींत किती पाणी आहे, पिकं किती घेतात, माणसाजनावरांना किती लागतं हे मांडायचं आणि रब्बीत काय किती पेरलं तर पाणी पुरेल ते गावापुढे ठेवायचं.

गट गाईड सरांनी पाडले, लीडर मला केलं आणि म्हणाले, कामं तुमची तुम्ही वाटून घ्या. सहा जणांत दोघं जिगरी दोस्त आहेत, ते सोडून कुणी कुणाला नीट ओळखत नाही. एकजण त्याच गावाकडचा आहे. दोघी मुली आहेत, त्यातल्या एकीला साडेपाचची शेवटची एसटी पकडावीच लागते. शनिवारी पहिली बैठक आहे. मी हे लिहून काढलंय:

"मित्रांनो, आजपासून आपण एक कुटुंब आहोत. इथं कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही. हा प्रोजेक्ट आपल्या सगळ्यांचा आहे. प्रत्येकानं जमेल ते, जमेल तेव्हा, पण जीव लावून करायचं. अडचण आली तर सगळे मिळून सोडवू."

अजून जोश कसा आणू? 15 मिनिटं बोलायचा विचार आहे.

उदगीरकर

छान लिहिलंस. सुरुवातीला शिवरायांचा एखादा प्रसंग घे, पोरं ताठ बसतात. आवाज खणखणीत ठेव. शुभेच्छा!

काळी_माती

15 मिनिटं?? आमच्या लीडरनं 20 मिनिटं भाषण केलं होतं. टाळ्या पडल्या, आम्ही चहा प्यायला गेलो आणि चहाच्या टपरीवर एकमेकांना विचारलं, "मंग आता करायचं काय?"

रोहिणी_नक्षत्र

"कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही" हे वाक्य काढून टाक असं मी म्हणेन, आणि हे मनापासून म्हणायलेय. माझ्या ग्रुपमध्ये असंच ठरलं होतं. कामं वाटलीच नाहीत, मग ती आपोआप वाटली गेली. मुलं गावात गेली. मी आणि माझी मैत्रीण "तुमचं अक्षर छान आहे" म्हणून रिपोर्टला बसलो. व्हायवाला बाहेरच्या सरांनी मला विचारलं, विहीर कशी मोजली? मला सांगता आलं नाही, कारण मी एकही विहीर बघितली नव्हती. त्या टेबलावर मला जे वाटलं ते अजून विसरले नाही. कुणी वाईट नव्हतं त्यात. कुणी ठरवलंच नाही, एवढंच झालं. तुझ्या एसटीवाल्या मुलीचंही हेच होईल बघ. आणि त्या गावाकडच्या पोराला गावातली सगळी कामं लागतील, कारण "तू तिथलाच की".

उदगीरकर

@रोहिणी_नक्षत्र, ताई, पण मुलीला शेवटची एसटी असेल तर तिला शिवारात पाठवायचं कसं? काळजीपोटीच करतात ना लोक.

रोहिणी_नक्षत्र

काळजी आहे तर तिला विचारा. मला कुणी विचारलं असतं तर मी पहाटे सहाच्या गाडीनं गेले असते.

सांख्यिकी_प्रेमी

यावर एक प्रसिद्ध प्रयोग आहे. रिंगेलमान नावाचा फ्रेंच माणूस, तो शेतीचा इंजिनिअर होता. त्यानं माणसांना दोर ओढायला लावला आणि जोर मोजला. 1913 साली ते छापून आलं. आठ जणांनी मिळून ओढला तेव्हा प्रत्येकाचा जोर एकट्यानं ओढताना असतो त्याच्या जवळपास निम्म्यावर आला होता. म्हणजे माणूस घोळक्यात आळशी होतो. म्हणून जोश पाहिजेच, आणि लीडरनं कडक असलं पाहिजे. भाषणात सांगून टाक, काम नाही केलं तर नाव कटणार.

विहीरवाले_काका

@सांख्यिकी_प्रेमी, प्रयोग बरोबर सांगितलात, निष्कर्ष अर्धाच काढलात. 1974 साली हाच प्रयोग दुसऱ्यांनी पुन्हा केला. माणसाचे डोळे बांधले आणि मागे उभ्या असलेल्यांना नुसतं ओढल्याचं सोंग करायला सांगितलं. म्हणजे दोराला एकटाच माणूस, पण त्याला वाटतं आपण सगळे मिळून ओढायलो. तरी त्याचा जोर कमी झाला, म्हणजे ढिलाई खरी आहे. पण खऱ्या घोळक्यात जेवढी घट दिसत होती तेवढी यात दिसली नाही. उरलेली घट आळसाची नव्हती. ती एकाचा हिसका आधी, दुसऱ्याचा नंतर, तिसऱ्याचा वाकडा, याची होती. ढिलाईवर भाषण थोडंफार चालेल. वाकड्या हिसक्यावर ते चालत नाही, तिथं कुणीतरी "हं, आता" म्हणावं लागतं.

आता मांजराकाठसाठी. बाळा, मी 22 वर्षं विहिरींची पातळी मोजण्याच्या कामात होतो. तुझाच विषय आहे म्हणून एक गोष्ट सांगतो, थोडी लांब आहे.

आमच्याकडे एकदा कॉलेजची पोरं आली होती, तुझ्यासारखीच, हेच काम घेऊन. गुणी पोरं. ओढ्याच्या पूर्वेला एक जोडी, पश्चिमेला दुसरी जोडी. दोन दिवसांत 34 विहिरी केल्या, जोश बघण्यासारखा. नकाशा काढला तर ओढ्याच्या अलीकडे पाणी वर आणि पलीकडे एकदम पाऊण मीटर खाली, पायरी पडावी तसं. पोरं खूश, त्यांना वाटलं खडकात काहीतरी सापडलं. मी विचारलं, फीत कुठून धरली? पूर्वेच्या जोडीनं कठड्याच्या माथ्यावरून धरली होती, पश्चिमेच्या जोडीनं जमिनीपासून. कठडे तिथं अडीच फुटांच्या आसपासचे. अडीच फूट म्हणजे पाऊण मीटर. ती पायरी खडकातली नव्हती, कठड्याची होती.

बरं, कठड्यांची उंची प्रत्येक ठिकाणी वेगळी, आणि ती कुणीच लिहून ठेवली नव्हती, त्यामुळे घरी बसून वजा करता येईना. पुन्हा जावं तर हरभऱ्याची पेरणी होऊन मोटारी सुरू झाल्या होत्या आणि पातळ्या हलल्या होत्या. पावसाळ्यानंतरची पातळी त्या वर्षापुरती गेलीच.

आता यात काम कुणाचं हे ठरलेलं होतं बरं का. पूर्व तुमची, पश्चिम आमची, अगदी स्पष्ट. ठरलेलं नव्हतं ते हे, की मोजायचं कसं याचा शेवटचा शब्द कुणाचा. भूमिका स्पष्ट नाहीत असं म्हणतो तेव्हा आपण फक्त "कोण काय करणार" एवढंच बघतो. कोण ठरवणार ते राहून जातं, आणि "काम झालं" कशाला म्हणायचं तेही. भाषणात तू वेळ घालवायचा तर तो इथं घाल.

मांजराकाठ

काका, अंगावर काटा आला. आमच्यातही मी दोन जोड्याच करणार होतो.

नांदेडचा_बाबू

आमच्या गल्लीच्या गणेश मंडळातही हीच बोंब. वर्गणी सगळ्यांनी गोळा करायची म्हणून ठरलं तर एका घरी तीनदा गेले आणि शेवटच्या आळीत कुणीच गेलं नाही. यावर्षी अध्यक्ष कुणाला करावं असं तुम्हाला वाटतं?

काळी_माती

बाबूभाऊ, अध्यक्षाचा धागा वेगळा काढा 😄 पण तुमचं उदाहरण बसतंय. पंगतीतही तसंच होतं. सगळेच वाढायला उठले की भाजी तीनदा येते आणि मीठ येतच नाही.

प्राध्यापक_जालना

मी अशा प्रोजेक्टांचा गाईड असतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. काकांचं तांत्रिक म्हणणं पूर्ण मान्य. पण पहिल्याच भाषणात लीडरनं "काय करायचं ते मलाही माहीत नाही" असं सांगावं का? मला नाही वाटत. 20-21 वर्षांची मुलं असतात. लीडरच चाचपडतोय असं दिसलं की दोघं दुसऱ्याच दिवशी गट बदलून मागायला माझ्या केबिनमध्ये येतात. निदान कच्ची वाटणी घेऊन जा. चुकली तर बदल, पण मोकळ्या हातानं जाऊ नकोस.

रोहिणी_नक्षत्र

सर, कच्ची वाटणी एकदा कागदावर आली की पक्कीच होते. "लीडरनं दिलंय" म्हणून मुलं धरून बसतात आणि मुली बोलत नाहीत. माझं मत, यादी कामांची ने, नावांची जागा कोरी ठेव.

प्राध्यापक_जालना

कोरी जागा दिली की सगळ्यांच्या नजरा खाली जातात, हेही मी दरवर्षी बघतो. सोपी कामं आधी जातात, अवघड तशीच राहतात.

मांजराकाठ

सर, ताई, दोघांचंही पटायलंय, त्यामुळे जास्तच गोंधळलोय. तुमच्या म्हणण्यावरून सगळी कामं लिहून काढायला बसलो तेव्हा एक गोष्ट दिसली. सहा मोठी कामं माझ्या डोक्यात होतीच: विहिरी, पाऊस, पीकपेरा, घरटी पाण्याचा सर्व्हे, हिशोब, रिपोर्ट. पण काकांची गोष्ट वाचून वाटलं की मोटार चालू असताना विहीर मोजली तर? म्हणजे लाईट कधी आहे ते आधी माहीत पाहिजे. ते काम कुणाच्याच यादीत नव्हतं.

विहीरवाले_काका

शाब्बास. शेतीची लाईट कधी दिवसपाळीला, कधी रातपाळीला. मोटार नुसती बंद असून भागत नाही, बंद होऊन पाणी परत वर यायला वेळ जायला पाहिजे. रातपाळी असेल तर पहाटेची पातळी खोटी. त्या आठवड्याची पाळी लाईनमनला विचार आणि विहिरीवर गेल्यावर मालकालाही विचार, काल उपसा किती वेळ केला. एक खूण सांगतो. विहिरीच्या आतल्या दगडावर पाण्याच्या वर ओला पट्टा दिसला तर उपसा नुकताच झालाय, आकडा घे पण त्यापुढे तसं लिही.

गटांची खरी माती होते ती अशाच बारक्या कामांत. त्यांना नाव नसतं, म्हणून त्यांना माणूसही नसतो.

सांख्यिकी_प्रेमी

काका, 1974 चा भाग मला माहीत नव्हता, मान्य. पण ढिलाई शिल्लक राहतेच ना? तिचं काय?

विहीरवाले_काका

राहते. तिच्यावर माझ्या अनुभवात एकच औषध चाललं. प्रत्येक आकड्यापुढे मोजणाऱ्याचं नाव. वहीत रकाना केला की माणूस फीत नीट धरतो. नाव कटण्याची धमकी देऊन आमच्याकडे पोरांनी घरी बसून आकडे भरले होते, तेही पाहिलंय. सगळे आकडे पूर्ण किंवा अर्ध्या मीटरवर संपत होते, त्यावरून लक्षात आलं. खरी विहीर अशी सरळ आकड्यात येत नसते.

तुळजापूर_एक्सप्रेस

पूर्ण धागा वाचला. मला एक विचारायचंय, 800 हेक्टरवर पाऊस पडला तर पाणी किती होतं? सहज.

मांजराकाठ

एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे 10 हजार लिटर. 700 मिलिमीटर धरला तर 800 हेक्टरवर 560 कोटी लिटर. ऐकायला लई वाटतं, पण त्यातलं बरंचसं ओढ्यानं वाहून जातं नाहीतर उडून जातं. आपल्याकडच्या काळ्या खडकात मुरतं ते थोडंच. हा आकडा भाषणात घ्यावा असं वाटलं होतं.

रोहिणी_नक्षत्र

घे की. पण वाक्य कामाकडे वळव. 560 कोटीतलं किती आपल्या विहिरींत उरलं हे त्या 40 आकड्यांवरूनच कळणार आहे.

मांजराकाठ

पुन्हा लिहिलंय. मोठ्यानं वाचलं तर चार मिनिटं लागतात. बघा:

"आपण सहा जण आहोत आणि कुणी काय करायचं ते अजून ठरलेलं नाही. सरांनी ठरवलेलं नाही आणि मीही घरून ठरवून आणलेलं नाही. ज्या गोष्टी पक्क्या आहेत तेवढ्या सांगतो.

रब्बीची पेरणी होऊन मोटारी सुरू व्हायच्या आत 40 विहिरींची पातळी आपल्या वहीत पाहिजे. रिपोर्ट उशिरा झाला तर सर दोन दिवस देतील, पण विहीर देणार नाही. ही पातळी गेली की वर्षानंतरच.

उद्या सकाळी सगळे एकाच विहिरीवर जायचं. सहाही जणांनी तीच विहीर मोजायची, एकमेकांचा आकडा न बघता. सगळ्यांचे आकडे दोन सेंटिमीटरच्या आत येईपर्यंत तिथंच थांबायचं. रिपोर्ट लिहिणाराही मोजेल, हिशोब करणाराही मोजेल. तिथून निघण्याआधी मोजण्याची पद्धत कुणाच्या हातात द्यायची ते ठरवू. त्यानंतर मोजण्याबद्दल वाद झाला तर शेवटचा शब्द त्याचा किंवा तिचा, माझा नाही.

या कागदावर 11 कामं आहेत. मोठी आहेत, बारकीही आहेत. लाईनमनला विचारणं हेही काम आहे. प्रत्येकानं आधी आपल्याला कोणती दोन चालतील आणि कोणतं अजिबात नको ते चिठ्ठीवर लिहायचं, कुणाशी न बोलता. मग चिठ्ठ्या उघडू. एका कामापुढे एकच नाव. मदत कितीही जणांनी करा, विचारणा एकालाच होईल. ही वाटणी दोन आठवड्यांची आहे. नंतर बदलून मागता येईल आणि कारण सांगावं लागणार नाही.

माझं काम सांगतो. सरांशी बोलणं माझं. आणि ज्या कामाला नाव लागणार नाही, ते पुढच्या बैठकीपर्यंत माझं."

प्राध्यापक_जालना

चिठ्ठ्यांची युक्ती आवडली, नजरा खाली जाण्याचा प्रश्न सुटेल. "घरून ठरवून आणलेलं नाही" हे मात्र मला अजून खटकतं. आणि शेवटचं वाक्य धोक्याचं आहे. उरलेलं सगळं लीडरचं असं म्हणालास तर डिसेंबरपर्यंत सगळंच उरेल.

काळी_माती

मला उलट तेच वाक्य सगळ्यात भारी वाटलं. मी त्या ग्रुपात असतो तर हे वाक्य ऐकून एखादं काम जास्तीचं घेतलं असतं.

विहीरवाले_काका

सरांचा मुद्दा बरोबर आहे, पण "पुढच्या बैठकीपर्यंत" हे शब्द त्यात आहेत, ते खाऊ नकोस. एक सुधारणा. आकडे दोन सेंटिमीटरच्या आत आले म्हणजे सगळे बरोबर असं नाही, सगळे सारखे चुकू शकतात. प्रत्येक वेळी पहिल्यांदा कठड्याची उंची लिही, मग पातळी. दोन वेगळे रकाने. वजाबाकी घरी.

उदगीरकर

शिवरायांचा प्रसंग राहिला तरी चालेल आता. तू आता खरंच कामाचं बोलायलास.

मांजराकाठ

मंडळी, बैठक झाली, रविवारची विहीरही झाली. उशिरा लिहायलो, माफ करा.

भाषण सहा मिनिटं चाललं, कारण मध्येच त्या दोघा दोस्तांनी विचारलं, "म्हणजे आम्ही दोघं एकत्र नाही का?" मी म्हणालो, एकत्र जा, पण नाव एकाचंच लागेल. थोडा वेळ शांतता झाली, मग त्यांनी आपसात ठरवलं.

चिठ्ठ्या उघडल्यावर मलाच धक्का बसला. गावाकडच्या पोरानं "नको" मध्ये लिहिलं होतं: गावात ओळखी काढणं. त्याच्या घरच्यांचा एका विहिरीवरून भाऊबंदकीचा वाद आहे, त्याला त्या बांधावर जायचंच नाही. मी त्याला तेच काम देणार होतो. त्यानं हिशोब मागितला. आणि साडेपाचच्या एसटीवाल्या मुलीनं विहिरी मागितल्या. ती म्हणाली, पातळी मोजायची तर पहाटेच जावं लागतं ना, मग मला एसटीची अडचणच नाही.

रविवारी विहिरीवर सहा जणांचे पहिले आकडे 6.12 पासून 6.94 मीटरपर्यंत आले. एकानं कठड्यावरून, एकानं जमिनीवरून, एकानं पायरीवरून, आणि दोघांची फीत खाली झाडोऱ्यात अडकली होती. तिसऱ्या फेरीला सगळे दोन सेंटिमीटरच्या आत आले. पद्धत आता तिच्याच हातात आहे, आणि तिनं पहिला नियम काढला की फितीच्या टोकाला वजन बांधायचं.

सर, तुमचं एक खरं ठरलं. 11 पैकी तीन कामांना नाव लागलं नाही, ती सध्या माझ्याकडे आहेत: लाईनमन, फोटो आणि ग्रामसभेत बोलणं. लाईनमनचं झालं, फोटोचं होईल. ग्रामसभेत कोण उभं राहणार यावर मात्र अडलंय. सगळे म्हणायलेत लीडरनंच बोलावं. मला वाटतं जिनं विहिरी मोजल्या तिनं बोलावं, पण तिनं चिठ्ठीत "नको" मध्ये नेमकं तेच लिहिलंय. तिला आग्रह करावा का?

रोहिणी_नक्षत्र

आग्रह नको. आकडे सांगायला तिला बोलव, ठराव तू मांड. आणि आधी तिला विचार की तिला सभेत बोलणं नकोय, की त्या गावच्या सभेत नकोय. दोन्ही वेगळं आहे.

विहीरवाले_काका

फितीला वजन बांधणारी पोरगी आहे, ती बोलेल. नाही बोलली तरी हरकत नाही. 6.94 वाला कोण होता?

मांजराकाठ

मीच, काका. माझी फीत झाडोऱ्यात होती.